‘फक्त दोन मिनिटे’ म्हणजे नेमकी किती?

गाडीची सर्व्हिसिंग झाली की मोबाइलवर मेसेज येतो: ‘आपले मत अनमोल आहे. फक्त दोन मिनिटे द्या आणि बक्षीस जिंका!’ प्रश्न मात्र चोवीस. सहावा-सातवा प्रश्न आला की लोक वैतागून बाहेर पडतात. गळती अशी एकाच टप्प्यावर दिसली, तर आधी निमंत्रणातला वेळ तपासावा.

गॅलेसिक आणि बोस्न्याक यांच्या २००९च्या अभ्यासात १०, २० किंवा ३० मिनिटे लागतील असे सांगितले होते. सांगितलेला वेळ जितका जास्त, तितक्या कमी लोकांनी सुरुवात केली. खोटे सांगण्याचा मोह होतो तो इथेच. पण उपाय प्रश्न कमी करण्याचा आहे. मग बाहेरच्या आठ-दहा जणांकडून मोबाइलवर फॉर्म भरून घ्यावा आणि मधल्या माणसाला लागलेला वेळ लिहावा, सर्वांत चपळाचा नव्हे.

सोडत असेल तर ‘बक्षीस जिंका’ न म्हणता किती जणांना काय मिळणार, ते सांगावे. काहीच द्यायचे नसेल, तर असे लिहावे: ‘गाडी उशिरा का मिळते, हे शोधतो आहोत. नऊ प्रश्न, साधारण चार मिनिटे. बक्षीस नाही, उत्तरांवरून पुढच्या महिन्यात गाडी परत देण्याच्या वेळा ठरवू.’

वेळा ठरवायच्याच नसतील, तर ते शेवटचे वाक्य काढून टाका.