बिलासाठी दिलेला नंबर

औषधाच्या दुकानात ताई म्हणतात, "पावती मोबाइलवर पाठवा," आणि नंबर सांगतात. २०२३च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यात जवळपास असंच उदाहरण दिलं आहे. नंबर आपणहून दिला, म्हणून दुकानदार त्यावर पावती पाठवू शकतो. पण तोच नंबर 'दिवाळी ऑफर'च्या ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये टाकला, तर तो वेगळा हेतू झाला आणि त्यासाठी वेगळी संमती हवी.

ती घ्यायला वकील लागत नाही. बिल करताना विचारायचं, "नव्या मालाचे आणि सवलतीचे मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू का? नको झाले तर 'बंद' एवढंच लिहा." गिऱ्हाईक 'हो' म्हणालं तरच नाव लिस्टमध्ये. गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे. 'नंबर दिल्याशिवाय बिल नाही' हेही चालत नाही, कारण संमती विनाअट असावी लागते.

तोंडी होकार मात्र उद्या सिद्ध कसा करणार? वाद झाला तर पुरावा द्यायची जबाबदारी दुकानदाराची आहे. म्हणून मी तरी सांगेन, गिऱ्हाइकालाच 'ऑफर हो' असा मेसेज पाठवायला लावा. तारखेसकट नोंद राहते.

ब्रॉडकास्ट फक्त तुमचा नंबर सेव्ह केलेल्यांनाच पोचतो, म्हणून अनेकजण सेव्ह करण्यालाच होकार समजतात. पण लोक दुकान उघडं आहे का, हे विचारायलाही नंबर ठेवतात.

'बंद' आलं की नाव त्याच दिवशी काढा, आणि जुन्या वहीतून ते पुन्हा चढणार नाही हेही बघा.