कागद अडकलेला नसतोच!

उद्या सकाळी पासपोर्टच्या नूतनीकरणाची अपॉइंटमेंट आहे, रात्री अकरा वाजता तुम्ही फॉर्म प्रिंट करायला घेता आणि प्रिंटर म्हणतो, 'पेपर जॅम'. तुम्ही झाकण उघडता, टोनर काढून आत डोकावता, मागचं दारही उघडून बघता. कागदाचा कुठे मागमूस नाही. ट्रेमधला गठ्ठा जसाच्या तसा आहे.

अशा वेळी कागद खरंच अडकलेला नसतो. तो निघालेलाच नसतो. कागदाच्या वाटेवर एक छोटी प्लॅस्टिकची तरफ असते. कागदाने तिला ढकललं की प्रिंटरला कळतं, कागद आला. ठरलेल्या वेळात ती हलली नाही, तर अनेक प्रिंटर त्यालाही 'जॅम' म्हणतात. कागद वाटेत अडकला की घरातून निघालाच नाही, हे त्यांना कळत नाही.

कागद उचलायचं काम ट्रेच्या वर बसवलेला रबरी पिकअप रोलर करतो. लहान लेझर प्रिंटरमध्ये त्याच्या समोर सेपरेशन पॅड नावाची रबरासारखी पट्टी असते. एका वेळी एकच कागद जावा ही जबाबदारी तिची. हा सगळा खेळ तीन घर्षणांचा आहे. समजण्यापुरते आकडे धरू या : रोलर कागदाला १० इतक्या जोराने ओढू शकतो, पॅड त्याला ७ इतक्या जोराने अडवू शकतो आणि दोन कागदांमधली पकड ४ आहे. एकच कागद आला, तर ओढ १० आणि अडवणूक ७, म्हणून तो पुढे जातो. दोन आले, तर वरच्याला रोलर ओढून नेतो. खालच्याला वरचा कागद फक्त ४ ने ओढतो आणि पॅड ७ ने धरून ठेवू शकतो, म्हणून तो जागीच राहतो.

आता काही हजार पानांनंतर काय होतं बघा. कागदाची बारीक भुकटी रोलरच्या रबरावर बसते, खाचा झिजतात, रबर कडक आणि चकचकीत होतं. १० चे ६ झाले की पॅडचे ७ जिंकतात. रोलर जागच्या जागी घसरतो आणि कागद हलत नाही. उलट पॅड झिजून ७ चे ३ झाले, तर कागदांमधली ४ ची पकड वरचढ ठरते आणि दोन-तीन कागद एकदम आत जातात. म्हणजे कागद येतच नसेल तर आधी रोलरवर संशय घ्या, जोडीने येत असतील तर पॅडवर. मात्र हिवाळ्यात हीटिंगमुळे घरातली हवा कोरडी होते आणि स्थिर विजेमुळेही कागद एकमेकांना चिकटतात. म्हणून पॅडला दोष देण्याआधी गठ्ठा नीट फुलवून पुन्हा ठेवून बघा. कागद चुण्या पडून अगदी शेवटच्या, गरम भागात अडकत असेल, तर दोष या दोघांचा नाही.

सफाईसाठी प्रिंटर बंद करून प्लग काढा आणि अर्धा तास थांबा. टोनर पक्का करणारा भाग सुमारे २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेला असतो. टोनर कार्ट्रिज काढून कापडाखाली झाका, कारण त्यातल्या ड्रमला उजेड सोसत नाही. ट्रे पूर्ण बाहेर काढा. धागे न सुटणारं फडकं साध्या पाण्यात बुडवून घट्ट पिळा आणि रोलर बोटाने फिरवत सगळीकडून पुसा. फडक्यावर करडी रेघ उमटेल, ती भुकटी. पॅडही पुसा आणि दोन्ही वाळू द्या. पाण्याने भागलं नाही तर फडक्यावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, पण ते वारंवार वापरलं तर रबर कोरडं पडतं. तेल लावू नका. आतल्या काळ्या, स्पंजासारख्या रोलरला हात लावू नका, तो छपाईचा आहे.

रोलर पुसल्यावर रबर मॅट दिसलं आणि अंगठ्याला धरून ठेवू लागलं, तर फॉर्म नक्की निघेल. पुसूनही चकाकत असेल, किंवा चार दिवसांत तीच तक्रार परत आली, तर रबरच संपलंय. मग प्रिंटरच्या मॉडेलचा क्रमांक बघून रोलर आणि पॅडची जोडी मागवा. बऱ्याच घरगुती मॉडेलमध्ये रोलरच्या दोन्ही बाजूंना छोट्या खिट्ट्या असतात. त्या बाहेर सरकवल्या की रोलर निघतो. काढण्याआधी फोटो घ्या, कारण काही रोलर इंग्रजी डी अक्षरासारखे असतात आणि एकाच दिशेने बसतात. पॅड बहुधा एखाद्या स्क्रूवर किंवा खिट्टीवर असतं. दोन्ही एकदमच बदला. नवा रोलर आणि झिजलेलं पॅड एकत्र आले, तर कागद येतील खरे, पण जोडीने.