दुसऱ्या शाखेचा खर्च

“बाकी सगळं छान झालंय. फक्त एक करा, आमची दुसरी शाखा सुरू होतेय, तेवढी यात बसवून द्या.” ठरावीक किमतीवर सॉफ्टवेअर करून देणाऱ्या माणसाला हे वाक्य काम अर्धं उलटून गेल्यावर हमखास ऐकू येतं. मागणाऱ्याच्या मनात लबाडी नसते. त्याच्या डोळ्यांपुढे पडद्यावरचा एक जादा रकाना असतो, आणि करणाऱ्याला मात्र आठवड्याभराहून मोठं काम दिसत असतं. या दोन चित्रांमधलं अंतर वेळीच कागदावर आणायचं साधन म्हणजे बदलांची नोंदवही. धंद्यातली माणसं तिला ‘सीआर लॉग’ म्हणतात.

ठरावीक किमतीच्या करारात किंमत, तारीख आणि कामाची यादी या तीन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या असतात. यादी वाढली आणि इतर दोन जागच्या जागी राहिल्या, तर फरक कोणाच्या तरी खिशातून किंवा कामाच्या दर्जातून जातोच. म्हणून प्रत्येक वाढीव मागणीला वहीत एक ओळ मिळते: क्रमांक, तारीख, कोणी मागितलं, त्यांच्याच शब्दांत काय मागितलं, मूळ यादीतल्या कोणत्या कलमाशी त्याचा संबंध येतो, किती दिवसांचं काम, किती रुपये, तारीख किती सरकेल, हा अंदाज कधीपर्यंत लागू राहील, आणि शेवटी होकार की नकार, कोणाचा, कधी.

एक नमुना घेऊ. एका खासगी क्लाससाठी फी आणि पावत्यांचं सॉफ्टवेअर. किंमत ४,८०,००० रुपये, मुदत १२ आठवडे, काम करणारे दोन प्रोग्रामर. वाढीव कामाचा दर माणशी दिवसाला ६,००० रुपये, आणि तो करारातच लिहिलेला. हा दर आधी ठरलेला नसेल तर प्रत्येक ओळीवर नव्याने घासाघीस होते, आणि वही दोन दिवसांत बाजूला पडते.

दुसऱ्या आठवड्यात पहिली मागणी आली, पावतीवर लोगो आणि दोन फोन नंबर हवेत. काम अर्ध्या दिवसाचं. ओळीत लिहिलं: मूल्य ३,००० रुपये, आकारणी शून्य, तारखेवर परिणाम नाही. फुकट द्यायचं असलं तरी नोंद करायची, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. नोंद नसलेलं फुकट काम पुढच्या मागणीच्या वेळी कोणालाच आठवत नाही, आणि असे दहा अर्धे दिवस जमले की आठवडा गेलेला असतो.

चौथ्या आठवड्यात दुसरी मागणी आली. पालकांना पावती व्हॉट्सॲपवर जायला हवी. चार दिवसांचं काम, २४,००० रुपये. तारखेवर परिणाम मात्र शून्य, कारण त्या आठवड्यात दुसऱ्या प्रोग्रामरच्या हाती मोकळे दिवस होते. खर्च आणि तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे इथे दिसतं. काम ज्याच्यावर पुढचं सगळं अडून आहे अशा वाटेवर पडलं, तर दोन दिवसांचं कामही तारीख आठवडाभर ढकलू शकतं. बाजूला पडलं, तर चार दिवसांचं कामही ढकलत नाही. याच ओळीत दोन अटीही लिहिल्या गेल्या. असे संदेश पाठवायला मजकुराचा नमुना आधी मंजूर करून घ्यावा लागतो, ते काम क्लासने नवव्या आठवड्यापर्यंत करायचं. आणि संदेशांचा शुल्करूपी खर्च क्लासने परस्पर भरायचा. हे न लिहिल्यास सहा महिन्यांनी येणारं बिल कोणाचं, यावर वाद ठरलेला.

आता दुसरी शाखा. ही मागणी आठव्या आठवड्यातली. क्लासच्या बाजूने ‘एक ड्रॉपडाऊन’ एवढंच दिसत होतं. प्रोग्रामरने कामाची फोड करून लिहिली. प्रत्येक विद्यार्थी, बॅच आणि पावतीला शाखा जोडणं आणि आधीची माहिती त्यात बसवणं, २ दिवस. दोन्ही शाखांच्या पावत्यांची वेगळी क्रमांकमालिका, २ दिवस. एका शाखेच्या कारकुनाला दुसरीची वसुली दिसू नये, पण मालकांना दोन्ही दिसाव्यात, यासाठी २ दिवस. शाखेचे वेगळे आणि एकत्र अहवाल, दीड दिवस. आणि तपासून झालेले पडदे पुन्हा तपासणं, दीड दिवस. एकूण ९ दिवस, ५४,००० रुपये. हे सगळं एकाच माणसाने एकापाठोपाठ करायचं असल्याने आणि क्लासच्या लोकांना पुन्हा चाचणी घ्यायची असल्याने सोपवणी दोन आठवडे पुढे. म्हणजे थेट जूनच्या प्रवेशांच्या गर्दीत.

हीच मागणी तिसऱ्या आठवड्यात आली असती, तर माहितीची रचना अजून कागदावरच होती. काम निम्म्यावर आलं असतं. उशिरा आलेला बदल महाग पडतो तो यामुळे: नवं काम तेवढंच असतं, वर झालेलं उसवण्याचं काम चढतं.

इथे नुसता आकडा तोंडावर फेकून ‘हो की नाही’ विचारणं ही वहीची सर्वांत वाईट वापरपद्धत. कामाची फोड समोर असल्याने तिसरी वाट सापडली. शाखा जोडण्याचं पायाभूत काम तेवढं आत्ता करायचं, कारण तेच नंतर सर्वांत जड जातं. २ दिवस, १२,००० रुपये, तारीख २ दिवसांनी पुढे. उरलेलं ७ दिवसांचं, ४२,००० रुपयांचं काम सोपवणीनंतर, वेगळा टप्पा म्हणून. मालकांनी ईमेलवर होकार दिला. ईमेलवरचा होकार चालतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या १०अ कलमानुसार करार केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला म्हणून तो निष्फळ ठरत नाही. वहीच्या तळाशी नवी बेरीज आली: ५,१६,००० रुपये अधिक जीएसटी, आणि १२ आठवडे २ दिवस. ही चालती बेरीज दर आठवड्याच्या बैठकीत दोघांपुढे ठेवायची असते. ती शेवटच्या बिलात प्रथमच दिसली, तर ग्राहकाला फसवल्यासारखं वाटणं अगदी स्वाभाविक आहे.

अंदाजाची मुदत हा रकाना बरेचजण गाळतात. वरचे २ दिवस त्या आठवड्यापुरतेच खरे होते. होकार पंधरा दिवस लांबला असता, तर तोवर अहवालांचं कामही जुन्या रचनेवर उभं राहिलं असतं आणि आकडा बदलला असता. म्हणून ‘पाच कामकाजाच्या दिवसांपर्यंत लागू’ असं लिहायचं, आणि होकार येईपर्यंत कामाला हात लावायचा नाही. घाईत आधी सुरू करून मग सही मागणारा आपली बाजू स्वतःच कमकुवत करतो.

वहीची मर्यादाही आहे. मूळ यादी मोघम असेल तर वही काही करू शकत नाही. ‘पावती छापता यावी’ एवढंच लिहिलंय, आणि आता ग्राहकाला ती मराठीत हवी आहे. हा बदल की मुळातच अपेक्षित असलेली गोष्ट? ठरल्याप्रमाणे न चालणारी गोष्ट ही चूक, ती फुकट दुरुस्त करायची, यात वाद नाही. पण अशा मधल्या गोष्टींसाठी ‘अर्थाचा प्रश्न’ असा शेरा मारून खर्च वाटून घेणंच मला रास्त वाटतं.

वही कशी चालली आहे हे तिच्याकडे पाहूनच कळतं. सगळ्या नोंदींवर शेवटच्या आठवड्याच्या तारखा असतील, तर ती भांडणासाठी मागाहून लिहिलेली आहे. एकाच भागावर पाच-सहा ओळी साचल्या असतील, तर तो भाग सुरुवातीला कोणालाच नीट समजला नव्हता. तिथे सातवी ओळ लिहिण्याआधी दोघांनी बसून त्या भागाची यादी नव्याने करावी. आणि नकाराची एकही ओळ नसेल, तर ग्राहकाला खरे आकडे वेळेवर दाखवले जात नाहीत, अशी शंका घ्यायला जागा आहे.