एक डिझायनर, दोन डिझाइनं आणि राखीव दिवस

पॅकिंगची यंत्रं बनवणाऱ्या एखाद्या लहान वर्कशॉपचं उदाहरण घेऊ. सांगाड्याचं डिझाइन 10 दिवस आणि त्याचं फॅब्रिकेशन 12 दिवस. दुसऱ्या बाजूला कंट्रोल पॅनलचं डिझाइन 8 दिवस आणि वायरिंग 10 दिवस. दोन्ही तयार झाले की जुळणी आणि चाचणीला आणखी 10 दिवस. गिऱ्हाइकाला तारीख कोणती द्यायची?

1957 च्या सुमारास ड्युपाँटचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी अशा प्रश्नांसाठी क्रिटिकल पाथ पद्धत बसवली. एकामागून एक करावीच लागणारी कामं जोडायची आणि सर्वांत लांब वाट शोधायची. इथे ती सांगाड्याच्या बाजूने जाते आणि 32 दिवस भरतात. पॅनलची बाजू 28 दिवसांची, म्हणून तिथे 4 दिवसांची सवड दिसते.

पण दोन्ही डिझाइनं करणारा माणूस एकच आहे. तो आधी सांगाडा घेईल, म्हणजे पॅनलला हात लागणार अकराव्या दिवशी. पॅनलचं डिझाइन अठराव्या दिवशी संपेल, वायरिंग अठ्ठाविसाव्या, आणि यंत्र तयार होईल अडतिसाव्या दिवशी. पॅनल आधी घेतलं तर चाळीस दिवस लागतात. ज्या बाजूला सवड दिसत होती, तीच आता यंत्राची तारीख ठरवते. फॅब्रिकेशन मात्र सहा दिवस उशिरा झालं तरी चालतं. मूळ तक्त्यावर विसंबलेला सुपरवायझर रोज वेल्डरच्या मागे लागेल आणि खरा खोळंबा डिझायनरच्या टेबलावर असेल.

कामांचा क्रम आणि माणसांची ओढाताण दोन्ही धरून जी सर्वांत लांब मालिका निघते, ती क्रिटिकल चेन. हा विचार अगदी नवा नव्हता. वीस्ट या अभ्यासकाने 1964 मध्येच त्याच्या जवळपासची मांडणी केली होती. इस्रायली भौतिकशास्त्रज्ञ एलियाहू गोल्डरॅट यांनी 1997 मध्ये ‘क्रिटिकल चेन’ ही चक्क कादंबरी लिहून तो कारखान्यांपर्यंत नेला आणि त्याला बफरची जोड दिली. त्यांचं खरं योगदान या बफरमध्येच आहे.

डिझायनर 10 दिवस सांगतो तेव्हा बोलणी खावी लागू नयेत म्हणून त्याने चार-पाच दिवस हाताशी ठेवलेले असतात. मुदत लांब आहे म्हटल्यावर काम उशिरा सुरू होतं, आणि लवकर संपलं तरी पुढच्याला कळवलं जात नाही. राखलेले दिवस असे जागच्या जागी जिरतात. म्हणून गोल्डरॅट प्रत्येक अंदाज साधारण निम्मा करायला सांगतात. आपल्या मालिकेतली 10, 8, 10 आणि 10 दिवसांची कामं 5, 4, 5 आणि 5 दिवसांची होतात, बेरीज 19. वाचलेल्या 19 दिवसांपैकी निम्मे, म्हणजे सुमारे 10, शेवटी सर्वांचा सामाईक बफर म्हणून ठेवायचे. तारीख येते एकोणतिसावी. फॅब्रिकेशनचे 6 दिवस धरून त्याच्यापुढे 3 दिवसांचा वेगळा बफर ठेवायचा, म्हणजे वेल्डर थोडा रेंगाळला तरी जुळणी अडत नाही.

आता लक्ष बफरवर. सांगाड्याच्या डिझाइनला 5 ऐवजी 7 दिवस लागले तर मालिकेचा चौथा हिस्सा पार पडलेला आणि बफरचा पाचवा हिस्सा खर्चलेला, चिंता नाही. मग पॅनलच्या डिझाइननेही 4 ऐवजी 7 दिवस घेतले, तर बफर निम्मा संपतो आणि काम निम्म्याच्याही किंचित मागे असतं. अशा वेळी वायरिंगला आणखी एक माणूस देता येईल का, ते आधीच ठरवून ठेवायचं. काम मागे आणि बफर झपाट्याने संपत चालला, की प्रत्यक्ष हालचाल करायची.

अनेक प्रकल्प एकत्र चालतात तिथे माणसांची ओढाताण फार वाढते. अमेरिकी हवाई दलाच्या जॉर्जियातल्या वॉर्नर रॉबिन्स केंद्रात प्रचंड सी-5 मालवाहू विमानांची दुरुस्ती होते. तिथे ही पद्धत लावताना एका वेळी हाती घेतलेली विमानं 12 वरून 7 वर आणली. कामगार एका विमानावरून दुसऱ्यावर फिरत राहायचे, ते थांबलं, आणि एका विमानाला लागणारे 240 दिवस 160 वर आले. 2006 मध्ये या कामाला एडेलमन पुरस्कार मिळाला. एकदम कमी कामं हाती घेणं हाच या पद्धतीतला सर्वांत परिणामकारक, आणि मालकाच्या गळी उतरवायला सर्वांत अवघड भाग आहे.

पद्धत फसते कुठे, तेही ठरलेलं आहे. निम्मा केलेला अंदाज हीच मुदत धरून साहेब जाब विचारू लागले, तर पुढच्या वेळी डिझायनर 10 ऐवजी 20 दिवस सांगतो. विक्री विभागाने गिऱ्हाइकाला खूश करायला बफरच कापला, तर उरतात ते नुसते निम्मे अंदाज. शिवाय निम्म्या बफरचा नियम ढोबळ आहे. पन्नास कामांच्या मालिकेत काहींचा उशीर इतरांच्या लवकर संपण्याने भरून निघतो, त्यामुळे तिथे निम्मा बफर फार मोठा ठरतो. चार कामांच्या मालिकेत मात्र तोच अपुरा पडू शकतो.