जुनी समई विकताय? ‘जास्त पैसे गेले’ म्हणणाऱ्यापासून सावध

मालवण : माळ्यावरची आजीची पितळी समई ऑनलाइन विकायला टाकली, की घासाघीस न करणारं गिऱ्हाईक लगेच फोन करतं. सौदा ठरतो ५ हजारांना. मग ५० हजार जमा झाल्याचा मेसेज येतो. ‘चुकून एक शून्य जास्त पडलं, ४५ हजार परत पाठवा,’ असा तगादा सुरू होतो. प्रत्यक्षात खात्यात काहीच आलेलं नसतं. मेसेज बँकेचा नसून त्या भामट्यानेच पाठवलेला असतो. परत जातात ते आपलेच ४५ हजार.

म्हणून आधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये किंवा पासबुकात शिल्लक बघा. जुन्या नाण्यांसाठी रिझर्व्ह बँकेच्या नावाने कमिशन मागणारेही खोटेच, असं बँकेनेच २०२१ मध्ये जाहीर केलं आहे. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा.