आधी उलटे, मग सुलटे

जलविद्युत केंद्रात टर्बाइनचे गेट उघडले की वीज वाढायला हवी. पण पहिल्या क्षणी ती घटते. लांब पाइपातल्या पाण्याच्या प्रचंड वस्तुमानाला एकदम वेग घेता येत नाही. वाट रुंद झाली, प्रवाह मात्र तेवढाच राहिला, त्यामुळे टर्बाइनपाशी दाब कोसळतो. आदर्श टर्बाइनचे गेट झटक्यात 1 टक्का उघडले, तर शक्ती आधी सुमारे 2 टक्के घसरते आणि पाण्याने वेग घेतल्यावर 1 टक्का वर स्थिरावते.

गणितात हे असे दिसते:

`(1 - Tw·s) / (1 + 0.5·Tw·s)`

`Tw` म्हणजे पाण्याला वेग घ्यायला लागणारा काळ. अंश `s = 1/Tw` येथे शून्य होतो. हे शून्य प्रतलाच्या उजव्या अर्ध्यात पडते आणि उलट्या सुरुवातीचे मूळ तेच आहे.

आता वारंवारिता घसरली आणि गव्हर्नर फार उतावळा असला, तर तो गेट उघडतो, शक्ती आणखी घटते, म्हणून तो आणखी उघडतो. झोके वाढतच जातात. उलट गणित करून हे शून्य खोडावे म्हटले, तर गेटची हालचालच अमर्याद वाढते.

`Tw` 2 सेकंद असेल, तर शून्य 0.5 रेडियन प्रतिसेकंदावर असते. नियंत्रणाची बँडविड्थ साधारण त्याच्या निम्म्यावर, म्हणजे 0.25 वर, थांबवावी लागते. म्हणूनच गव्हर्नरमध्ये तात्पुरता ड्रूप ठेवून गेट मुद्दाम सावकाश हलवतात. ही मर्यादा पाइपाची लांबी, पाण्याचा वेग आणि उंची ठरवतात. कंट्रोलर बदलून ती हटत नाही.