आई, पट्टीची मागची बाजू

टोरांटोतल्या मुलाने साताऱ्यातल्या आईला मुद्दाम कागदावर पत्र लिहिलं, व्हिडिओवर डॉक्टरांशी बोलण्याआधी समोर ठेवता यावं म्हणून. ‘आई, नुसतं “बीपीची पांढरी गोळी” सांगू नकोस. प्रत्येक पट्टीच्या मागच्या बाजूचा फोटो काढ.’

मागे का? पुढे ठळक असतं ते कंपनीने दिलेलं नाव. आतलं औषध आणि त्याचे मिलिग्रॅम बहुधा मागे बारीक अक्षरांत असतात.

चंदेरी पट्टीवर फ्लॅश चमकतो आणि अक्षरं पुसल्यासारखी दिसतात. म्हणून फ्लॅश बंद, पट्टी खिडकीपाशी, किंचित तिरकी. फोटो मोठा करून स्वतःला वाचता आला, तरच पाठवायचा. गोळ्या कापताना नाव आणि मुदतीची तारीख असलेलं टोक शेवटपर्यंत राखायचं, हेही त्याने लिहिलं.

आईच्या फोटोंत एका पट्टीवर टेल्मिसार्टन ४० आणि अम्लोडिपिन ५ होतं, दुसरीवर नुसतं अम्लोडिपिन ५. नावं वेगळी, डॉक्टरही वेगळे. पोटात मात्र रोज १० मिलिग्रॅम अम्लोडिपिन. घोट्यांवरची सूज त्यानेही येऊ शकते.

पत्रातली खरी मोलाची ओळ पुढची: ‘दुहेरी दिसली तरी स्वतःहून बंद करू नकोस, आधी डॉक्टरांना दाखव.’